कोजागिरीचं एकत्र जेवण: सांस्कृतिक समितीच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

गणपतीचा हिशेब मंजूर झाला आणि त्याच बैठकीत कोजागिरीचा विषय निघाला. यंदा कोजागिरी ६ ऑक्टोबरला, सोमवारी. रविवारी उरकून घ्या असं दोघांचं म्हणणं होतं, पण चंद्र काही आपल्या सुट्टीप्रमाणे उगवत नाही, असं अध्यक्षकाकांनी सांगितल्यावर सोमवार कायम झाला. जेवण गच्चीवर, प्रत्येक घरातून एक पदार्थ. डिश प्लॅन आणि सूचना माझ्याकडे.

माझ्याकडे का, तर गेल्या वर्षी सगळ्यात जास्त तक्रार मीच केली होती. १६ ऑक्टोबर २०२४ ला टेबलावर सात घरांची बटाट्याची भाजी होती. चार पिवळ्या, दोन लाल रस्सा आणि एक दम आलू. गुलाबजामचे तीन डबे होते. भात कोणीच आणला नव्हता, कारण भात कोणीतरी आणेलच असं सव्वीसही घरांनी धरलं होतं. शेवटी पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी रात्री नऊ वाजता कुकर लावला.

इमारत सात मजल्यांची, दर मजल्यावर चार घरं. ३०४ आणि ६०२ बंद आहेत. म्हणजे यंदाही सव्वीस घरं. माणसं मोजली: ७८, त्यात १८ मुलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

ग्रुपवर साधा संदेश टाकला: ‘आपला पदार्थ खाली लिहा. आधी कोणी लिहिला असेल तर दुसरा निवडा.’ हा उपाय सगळ्यांना सुचतो, म्हणून आधी तोच करून बघते आहे.

रात्रीपर्यंत अकरा नावं आली. पण यादी पुढे पाठवताना प्रत्येक जण जुन्याच यादीत आपली ओळ घालतो आणि मधे आलेल्या दोन ओळी गळून पडतात. ४०२ च्या काकूंची आमटी आज दोनदा गायब झाली. त्यांनी फोन करून विचारलं, ‘माझी आमटी नकोय का कोणाला?’

२० सप्टेंबर, शनिवार

बावीस नावं जमली. नावात एकही पदार्थ दोनदा नाही. मी खूश होऊन यादी आईला वाचून दाखवली. ती पोळ्या लाटत ऐकत होती. मधेच म्हणाली, ‘अगं, हे सगळं बेसनच आहे की!’

पुन्हा वाचलं. कोथिंबीर वडी, अळूवडी, ढोकळा, सुरळीची वडी, पीठ पेरलेली सिमला मिरची, कढी, बेसनाचे लाडू. सात पदार्थ, सात वेगळी नावं आणि सगळ्यांत हरभऱ्याचं पीठ. रात्री दहाला सत्तर माणसांना एकदम तहान लागली असती आणि झोपताना ओव्याची आठवण आली असती.

गेल्या वर्षीच्या बटाट्याचंही हेच झालं होतं. दम आलू आणि पिवळी भाजी यांची नावं वेगळी, म्हणून तेव्हा कोणी आक्षेप घेतला नाही. नावावरून पुनरावृत्ती कळत नाही, ती जिन्नसावरून कळते. आता यादीत ‘पदार्थ’ या रकान्याआधी ‘मुख्य जिन्नस’ असा रकाना घेतला. आधी जिन्नस अडवायचा, मग त्याचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

दुसरा रकाना ‘कोरडं की पातळ’. यादीत आमटी, कढी, दोन उसळी, एक रस्सा आणि टोमॅटोचं सार होतं. एका ताटात दोन वाट्या बसतात. उरलेल्या चार पातळ पदार्थांचा ताटात तलाव होतो आणि त्यात वडी पोहते.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी मीच सगळ्या घरांना पदार्थ वाटून दिले आणि ग्रुपवर टाकले. माझ्या मते वाटप उत्तम होतं. दुपारपर्यंत नऊ फोन आले. ‘आम्हाला कोशिंबीर? म्हणजे आम्हाला स्वयंपाक येत नाही का?’ ‘माझी भरली वांगी सगळ्यांना माहीत आहेत आणि तू मला पापड भाजायला लावतेस.’ एका घरात सासूबाईंनी पदार्थ ठरवला होता आणि मी तो सूनबाईंशी बोलून बदलला, हा तर वेगळाच अध्याय.

यादी मागे घेतली. उद्यापासून नवरात्र आहे, दोन दिवस गप्प बसायचं ठरवलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

लिफ्टमध्ये मजल्यांची बटणं बघता बघता सुचलं. इमारतीला सात मजले आहेत आणि जेवणाचे प्रकारही साधारण सातच होतात. मजल्याला प्रकार द्यायचा आणि पदार्थ मजल्यावरच्या चार घरांनी आपसात ठरवायचा. सव्वीस घरांचं एकमत होणं अवघड, पण चार घरं दार उघडं ठेवून दहा मिनिटांत ठरवतात.

पहिला मजला डावी बाजू, म्हणजे कोशिंबिरी, चटणी, लोणचं, पापड. दुसरा सुक्या भाज्या. तिसरा रस्सा आणि उसळ. चौथा भात आणि त्यावर घ्यायचं पातळ. पाचवा वड्या-भजी. सहावा गोड. सातवा मुलांचं खाणं.

पहिल्या मजल्याला सोपं काम गेलं, हा आरोप येणार हे उघड होतं. म्हणून पुढच्या वर्षी प्रत्येक प्रकार एक मजला वर सरकेल आणि सातव्याचा पहिल्यावर येईल. हे ऐकल्यावर १०३ चे काका म्हणाले, ‘म्हणजे पापडाची पाळी आमच्यावर पुन्हा सात वर्षांनी. तोवर दात राहिले पाहिजेत.’

नियम दोनच. एका मजल्यावर एक जिन्नस एकदाच घ्यायचा. आणि पाच जिन्नस अख्ख्या इमारतीत एकदाच: बटाटा, बेसन, पनीर, साबुदाणा, खवा. मूग, तांदूळ, नारळ वेगवेगळ्या मजल्यांवर आले तरी चालतील, कारण मुगाची भजी आणि मुगाचा शिरा खाताना कोणाला ते एकच वाटत नाहीत. बटाट्याचं आणि बेसनाचं तसं नाही. ते कुठेही गेले तरी ओळखू येतात.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पाचव्या मजल्याची बैठक जिन्यातच झाली. बेसन एकालाच मिळणार म्हटल्यावर कोथिंबीर वडी आणि ढोकळा समोरासमोर आले. मी मध्यस्थी करायला तयार होते, तेवढ्यात ५०३ च्या गुजराती काकू म्हणाल्या, ‘मी पांढरा ढोकळा करते ना, इदडा. त्यात तांदूळ आणि उडीद, बेसन नाहीच.’ त्यामुळे कोथिंबीर वडी राहिली, अळूवडीवाल्या वहिनींनी मुगाच्या डाळीची भजी घेतली आणि चौथ्या घरानं रव्याचे अप्पे. बेसन, तांदूळ-उडीद, मूग, रवा. चार घरं, चार वेगळी पिठं.

चौथ्या मजल्यावर कढी गेली, कारण तिला पीठ लावावं लागतं. तिच्या जागी टोमॅटोचं सार आलं. काकूंची चिंच-गुळाची आमटी मात्र पक्की. दोन घरांकडे भात: एक साधा, एक तोंडली घातलेला मसालेभात.

६०१ चं बंगाली कुटुंब गोडात नारळाचे नाडू करणार आहे. त्यांच्याकडे त्याच रात्री लक्ष्मीपूजा असते आणि तिचंही नाव कोजागरीच. नैवेद्याला नाडू होणारच आहेत, थोडे जास्त वळू म्हणाले. बाकी दोन घरांतून गुलाबजाम (खवा तिथे गेला) आणि मुगाचा शिरा.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज प्रमाण. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ‘किती आणू?’ याला ‘सगळ्यांना पुरेल एवढं’ असं उत्तर दिलं तर प्रत्येक घर ७८ जणांचा स्वयंपाक करतं आणि दुसऱ्या दिवशी फ्रीज भरतात. ‘थोडंसं आणा’ म्हटलं तर एक वाटी चटणी येते.

सुक्या भाजीचा हिशेब असा केला. चार भाज्या असल्या तरी माणूस चौपट खात नाही, सगळ्या मिळून साधारण शंभर ग्रॅम घेतो. ७८ जणांची पावणेआठ किलो झाली, म्हणजे प्रत्येक घरी तयार भाजी दोन किलो. पण घरात तयार भाजी कोण वजन करतं? म्हणून सूचनेत लिहायचं: ‘दोन लिटरचा डबा काठोकाठ.’ डबे सगळ्यांकडे असतात. रस्सा माणशी सव्वाशे मिली धरला, तीन घरांत वाटला, प्रत्येकी सव्वातीन लिटर आला. म्हणजे पाच लिटरचा कुकर दोन तृतीयांश.

भाताला पोळीबरोबर माणशी पन्नास ग्रॅम कच्चे तांदूळ पुरतात. चार किलो लागतील, दोन घरांत दोन-दोन किलो. पाच लिटरच्या कुकरात एका वेळी किलोभरच तांदूळ नीट शिजतात, तेव्हा दोन खेपा कराव्या लागतील. हे दोन्ही घरांना आधीच सांगून ठेवलं, कारण ऐन वेळी एकाच खेपेत कोंबले की वरचा भात कच्चा आणि खालचा गिजगोळा.

पोळ्या कोणालाही द्यायच्या नाहीत असं ठरलं. ज्या घराला पोळ्या, त्या घराची बाई दिवसभर लाटण्यापाशी. दोनशे पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून, अकरा रुपयांना एक.

मसाला दूध समितीकडे. माणशी दीडशे मिली म्हणजे पावणेबारा लिटर तयार दूध हवं. आटून साधारण सहावा हिस्सा कमी होतो, म्हणून चौदा लिटर आणायचं. साखर एक किलो. बदाम, पिस्ते, वेलची, केशर, थोडं जायफळ.

खजिनदारांनी सांगितलं की देखभाल खात्यातून एक रुपयाही निघणार नाही, त्याला सर्वसाधारण सभा लागते. घरटी १७५ रुपये वर्गणी ठरली.

२८ सप्टेंबर, रविवार

सूचना लावली. पहिल्या मसुद्यात ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते’ असं लिहिलं होतं. सचिवांनीच चूक काढली: सभासद म्हणजे घरमालक. सहा घरांत भाडेकरू आहेत, ते वाचतील आणि आपल्याला बोलावणं नाही असं समजून दार लावून बसतील. गेल्या वर्षी ७०३ ची मुलं आली नव्हती ती यामुळेच की काय, कोण जाणे. ‘रहिवासी’ केलं. फलकावरची सूचना ही अशी:

*सूचना*

*सर्व रहिवाशांना (मालक व भाडेकरू) कळविण्यात येते की, सोमवार दि. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी कोजागिरीनिमित्त गच्चीवर एकत्र जेवणाचा कार्यक्रम योजला आहे. जेवण सायंकाळी ७.३० पासून, मसाला दूध रात्री १०.३० वाजता. पाऊस आल्यास पार्किंगमध्ये. जेवण शाकाहारी राहील.*

*प्रत्येक मजल्याचा पदार्थप्रकार व घरनिहाय जिन्नस सोबतच्या तक्त्यात दिला आहे. जिन्नस बदलायचा असल्यास शुक्रवार दि. ३ ऑक्टोबरपर्यंत मजल्यावरील इतर घरांशी बोलून समितीस कळवावे. त्यानंतर बदल करू नये. पदार्थ बाहेरून आणला तरी चालेल, जिन्नस तोच असावा.*

*सुकी भाजी: दोन लिटरचा डबा भरून. रस्सा, उसळ: सव्वातीन लिटर. आमटी, सार: चार लिटर. वड्या, भजी, अप्पे: चाळीस नग. गोड: ऐंशी लहान नग किंवा दीड किलो. पोळ्या व दूध समितीतर्फे.*

*डब्यावर व झाकणावर, दोन्हीवर, घर क्रमांक चिकटवावा. कांदा, लसूण किंवा दाणे घातले असल्यास तसे लिहावे. कोशिंबिरीत मीठ व दही गच्चीवर आल्यावरच घालावे. प्रत्येकाने आपले ताट, दोन वाट्या, पेला व चमचा आणावा. घरटी वर्गणी रु. १७५ खजिनदारांकडे द्यावी.*

*ज्यांना काही करणे शक्य नाही त्यांनी निःसंकोच सांगावे व जेवायला यावे.*

शेवटची ओळ अध्यक्षकाकांनी घालायला लावली. ४०४ मध्ये आजी एकट्या असतात. साधा भात त्यांच्या नावावर आहे, पण तांदूळ फक्त त्यांचे, कुकर लावणार ४०३ चा मुलगा.

‘शाकाहारी’ या शब्दावर थोडी कुरकुर झाली. मला स्वतःला कोंबडीचं वावडं नाही, पण एकाच टेबलावर दोन डाव सांभाळणं सोमवारी रात्री जमणार नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

२०४ चं जैन कुटुंब सूर्यास्तानंतर जेवत नाही. सूचना वाचून त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त वर्गणी आणून दिली आणि ‘आम्ही दुधाच्या वेळी गप्पांना येऊ’ म्हणाले. हे मला आधी सुचायला हवं होतं. ६ तारखेला सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास आहे. त्यांना चालेल असं यादीत काय आहे ते शोधलं: त्यांचीच लाल भोपळ्याची भाजी, शेजारच्या घरातली फरसबी, साधा भात, टोमॅटोचं सार, पोळी. या घरांना पावणेसहापर्यंत स्वयंपाक करता येईल का विचारलं. सगळे हो म्हणाले. सारवाल्या वहिनी लसणाची फोडणी नंतर वरून देणार.

सातव्या मजल्यावर हॉस्टेलसारखी राहणारी तीन मुलं आहेत, ७०३. त्यांच्या स्वयंपाकघरात एक किटली आणि एक तवा आहे. त्यांना मक्याचे दाणे दिले. उकडायचे, लोणी-मीठ लावायचं.

४ ऑक्टोबर, शनिवार

मुदत काल संपली आणि आज दोन बदल आले, अर्थात. २०१ ला भेंडी चांगली मिळाली नाही, बटाटा करू का? बटाटा २०२ कडे आहे. मग गवार ठरली. ३०२ ला भरल्या वांग्यांऐवजी छोले करायचे होते. तिसऱ्या मजल्यावर मटकी आहेच, दोन कडधान्यं नकोत, म्हणून वांगी कायम ठेवली. ३०२ च्या काकू म्हणाल्या, ‘पोटाला छोलेच बरे असतात असं नाही म्हणा.’

६ ऑक्टोबर, सोमवार

पावणेसहाला २०४ ची चार ताटं वाढली. आजोबा जेवत असताना पूर्वेला चंद्र आधीच वर आलेला होता, फिकट, कागदासारखा.

सात वाजता मुलांना चिठ्ठ्या लिहायला बसवलं: पदार्थ, घर क्रमांक, कांदा-लसूण, दाणे. पाचवीतली मुलगी अर्ध्यात येऊन म्हणाली, ‘मावशी, सगळ्यावर दाणेच लिहायचं आहे का?’ काकडीच्या कोशिंबिरीत कूट, गवारीत कूट, भरल्या वांग्यांत कूट, मटकीत कूट, आमटीत कूट, वर लसणीच्या चटणीतही दाणे. बेसन आणि बटाट्यावर पहारा ठेवला आणि शेंगदाणा मागच्या दारानं सहा डब्यांत शिरला. तो कोणाचाच मुख्य जिन्नस नव्हता, त्यामुळे माझ्या तक्त्यात कुठेच दिसला नाही. ७०२ च्या लहान मुलाला दाण्यांनी पुरळ येतं. त्याच्या आईनं चिठ्ठ्या बघून भोपळा, सार, भात आणि पास्ता वाढला. चिठ्ठ्या नसत्या तर तिनं आमटी वाढलीच होती, डाव हातात होता.

साडेसातला रांग लागली. हिशेब चुकला तो वड्यांचा. चार प्रकारांचे चाळीस-चाळीस नग, म्हणजे १६० आणि माणशी दोन, हे कागदावर बरोबर होतं. पण कोथिंबीर वडी प्रत्येकाला चाखायची असते. पावणेआठला तिचा डबा अर्ध्याखाली आला आणि ऑफिसातून येणारे वीस-बावीस जण अजून वाटेवर होते. ५०१ च्या वहिनींनी न विचारता झाकण लावलं, डबा टेबलाखाली सरकवला आणि वर पदर झाकून उभ्या राहिल्या. साडेआठला पुन्हा उघडला.

साडेआठपर्यंत मसालेभात गार झाला होता. एका जागी दोन तास उघडा ठेवायचा नाही म्हणून अर्धा डबा खालीच ठेवला होता, तो गरम करून आणला.

दूध सव्वानऊपासून आटत होतं. मधे ढग आले, मग गेले. साडेदहाला पेले भरले. वॉचमन काकांचा पेला आणि ताट खाली पाठवलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

उरलं काय: २७ पोळ्या, मसालेभात दोन किलोच्या आसपास, पास्ता थोडा. सुक्या भाज्यांचे चारही डबे रिकामे. गवारीचाही. पोळ्या पुढच्या वर्षी १७५ मागवाव्यात. मसालेभाताला दीड किलो तांदूळ बास, साध्या भाताचे दोन किलो मात्र बरोबर बसले.

हिशेब: जमा ४,५५० रुपये. पोळ्या २,२००, दूध १,०३६, सुकामेवा-केशर-साखर १,१५०, चिकटपट्टी आणि चिठ्ठ्या ६०. खर्च ४,४४६. शिल्लक १०४ खजिनदारांकडे.

पुढच्या वर्षीसाठी तक्त्यात ‘कूट’ असा रकाना वाढवला, एका मजल्यावर एकाच पदार्थात. वड्या-भजींचे नग चाळीसऐवजी साठ आणि डबे दोन हप्त्यांत उघडायचे. मजले एकेक वर सरकवले: कोशिंबिरी दुसऱ्याकडे, सुक्या भाज्या तिसऱ्याकडे, मुलांचं खाणं पहिल्याकडे. वड्या सहाव्या मजल्यावर जातात. ५०१ च्या वहिनींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘वडी मी करणार. मजला कोणताही असू दे.’ हा मुद्दा पुढच्या बैठकीत.